जुना लॅपटॉप, भरत आलेली डिस्क आणि फुकटचे व्हिडिओ एडिटर: काय घ्यावं, कसं वापरावं

श्रावण लागला की नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव जोरात येतात आणि सगळ्यांच्या फोनमध्ये व्हिडिओंचा ढीग साचतो. मग पथकातल्या कुणावर तरी "चार मिनिटांचा छान व्हिडिओ करून टाक" अशी जबाबदारी पडते. बहुतेक वेळा ती ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्याच्यावर पडते, आणि तो लॅपटॉप इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला घेतलेला असतो. हा लेख त्या माणसासाठी आहे. व्हिडिओ ढोलाचा नसून सोसायटीच्या स्नेहसंमेलनाचा किंवा राजगडच्या ट्रेकचा असला तरी पायऱ्या याच.

उदाहरण म्हणून आमच्या ओळखीच्या एका वादकाचा लॅपटॉप घेतो: पाचव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १०, जुनी फिरती हार्ड डिस्क आणि तीवर २२ जीबी मोकळी जागा. असल्या यंत्रावर "सगळ्यात चांगला फ्री एडिटर कोणता?" हा प्रश्नच चुकीचा ठरतो. विचारायचं ते असं: कोणता एडिटर कमी रॅमवर चालतो, आणि काम करताना माझी किती डिस्क खातो? दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघत नाही आणि अर्धा व्हिडिओ झाल्यावर लाल पट्टी दिसते.

लागणारं सामान

- ६४-बिट विंडोज १० किंवा ११ असलेला लॅपटॉप (लिनक्स असेल तरी चालेल, खाली सांगितलेली दोन्ही सॉफ्टवेअर तिथेही मिळतात)
- शॉटकट हा एडिटर, shotcut.org वरून
- लॉसलेसकट हा क्लिप कापायचा प्रोग्राम, github.com/mifi/lossless-cut वरून. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरची आवृत्ती विकत आहे. गिटहबवरची फुकट आहे, सॉफ्टवेअर तेच.
- ७-झिप, कारण लॉसलेसकटची विंडोजची फाईल .7z असते
- मूळ व्हिडिओ ठेवायला पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क
- फोनची डेटा केबल. चार्जिंगपुरती असलेली केबल फोटो-व्हिडिओ दाखवत नाही, आणि लोक त्याचा दोष लॅपटॉपला देतात.

## १. आधी लॅपटॉपची कुंडली बघा

`Ctrl+Shift+Esc` दाबा, `Performance` उघडा. चार गोष्टी कागदावर लिहा: प्रोसेसरचं नाव, रॅम, डिस्क HDD आहे की SSD, आणि `GPU 0` पुढे काय लिहिलंय ते. डिस्कवर मोकळी जागा किती आहे ते `This PC` मध्ये दिसेल.

शॉटकटवाले स्वतः सांगतात की एचडी व्हिडिओसाठी ८ जीबी रॅम हवी आणि ४ जीबी ही त्याहून कमी प्रतीच्या, एसडी व्हिडिओपुरती आहे. म्हणजे आपल्या उदाहरणातला लॅपटॉप कागदावर नापास आहे. तरी काम होतं, कारण एडिट करताना आपण त्याला एचडी दाखवणारच नाही. ते कसं, ते पाचव्या पायरीत.

रॅम कमी असली की विंडोज डिस्कचाच थोडा भाग रॅमसारखा वापरतं. त्यामुळे C: ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर एडिटर अचानक बंद पडतो आणि कारण कळत नाही. C: वर दहाएक जीबी कायम मोकळे ठेवा. ती जागा व्हिडिओसाठी आहे असं समजूच नका.

जाता जाता: बजेट असेल तर आधी एसएसडी, मग रॅम. पुण्यात तापकीर गल्लीत दोन्ही मिळतात, पण जाण्याआधी लॅपटॉपला DDR3L लागते की DDR4 ते बघून जा. त्या दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

## २. साडेसातने गुणा

व्हिडिओ किती जागा खाणार हे त्याच्या बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला किती बिट लागतात त्यावर, ठरतं. एका क्लिपवर राइट-क्लिक करून `Properties`, मग `Details` बघा. `Total bitrate` समोर आकडा असतो, समजा 17000kbps. त्यातली तीन शून्यं काढली की १७ एमबीपीएस. या आकड्याला साडेसातने गुणलं की एका मिनिटाला किती एमबी लागतात ते मिळतं. (एका मिनिटात ६० सेकंद आणि एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून ६० भागिले ८.)

आपल्या वादकाकडे चार जणांच्या फोनमधून आलेलं ३८ मिनिटांचं फुटेज होतं. त्यातली ३० मिनिटं १०८०पी, साधारण १७ एमबीपीएस: मिनिटाला सुमारे १२८ एमबी, म्हणजे ३.८ जीबी. उरलेली ८ मिनिटं कुणीतरी हौसेने फोर-के मध्ये काढलेली, ४८ एमबीपीएस: मिनिटाला ३६० एमबी, म्हणजे २.९ जीबी. एकूण पावणेसात जीबी. २२ जीबीत आरामात बसतं असं वाटतं ना? इथेच लोक फसतात. एडिटर या फायलींच्या जोडीला स्वतःच्या फायली बनवतो, आणि त्या मूळ फायलींपेक्षा मोठ्या असू शकतात. याचा हिशेब पुढे येतोच.

फुटेज मागवतानाच दोन सूचना द्या. पहिली, व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ पाठवू नका, `Document` म्हणून पाठवा. नाहीतर व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करतं आणि मोठ्या पडद्यावर ढोलाच्या जागी ठोकळे दिसतात. दुसरी, पुढच्या सरावाला सगळ्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये १०८०पी, ३० एफपीएस ठेवा आणि एचडीआर बंद करा. एचडीआर फुटेज साध्या एडिटरमध्ये धुतल्यासारखं फिकट दिसतं, आणि त्यामागची १०-बिटची एच.२६५ फाईल उलगडताना जुन्या प्रोसेसरला धाप लागते. आयफोनवाल्यांनी `Formats` मध्ये `Most Compatible` निवडावं. फायली थोड्या मोठ्या होतील, पण एच.२६४ मध्ये येतील आणि जुना लॅपटॉप त्या सहज वाचेल.

## ३. कोणाला बाद करायचं

यादी मोठी आहे. बहुतेकांचा निकाल पटकन लागतो.

दा विंची रिझॉल्व्ह. फुकटात एवढं मिळतं यावर विश्वास बसत नाही, आणि यूट्यूबवर प्रत्येक जण हाच सांगतो. आपल्या लॅपटॉपसाठी मात्र नाही. नुसतं डाउनलोडच काही जीबींचं आहे, आणि सगळं काम तो ग्राफिक्स कार्डावर टाकतो. जुन्या इंटेल ग्राफिक्सवर `Unsupported GPU Processing Mode` अशी पाटी दाखवून थांबतो. लिनक्सवर टाकायचा विचार असेल तर हेही माहीत असू द्या: तिथल्या फुकट आवृत्तीत फोनचे एच.२६४ व्हिडिओ थेट उघडत नाहीत.

क्लिपचॅम्प. विंडोज ११ बरोबरच येतो, फुकटात १०८०पी पर्यंत एक्सपोर्ट देतो, वॉटरमार्क टाकत नाही. ८ जीबी रॅम असेल आणि तुम्हाला एखादाच व्हिडिओ करायचा असेल तर तोच वापरा, पुढचं वाचायची गरज नाही. पण तो ब्राउझरच्या इंजिनावर चालतो, मायक्रोसॉफ्टचं खातं मागतो, आणि ४ जीबी रॅमवर क्लिप चार-पाचच्या वर गेल्या की अडखळतो.

ओपनशॉट. दिसायला सगळ्यांत सोपा, पण जुन्या यंत्रावर प्रीव्ह्यू मागे पडतो. माझं मत असं की शिकायला तासभर कमी लागतो आणि वापरताना रोज अर्धा तास जास्त जातो.

केडेनलाइव्ह. हा खरा स्पर्धक. प्रॉक्सीची, म्हणजे मोठ्या क्लिपच्या हलक्या नकलेवर काम करायची, सोय आहे आणि सुविधा शॉटकटपेक्षा जास्त. तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट असेल तर मी हाच सुचवेन. विंडोजवर, पहिल्यांदाच एडिटिंग करणाऱ्याला, शॉटकट कमी गोंधळात टाकतो.

विंडोज मूव्ही मेकर. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्येच तो देणं बंद केलं. आज त्या नावाने जे मिळतं ते इतरांचं असतं. अनोळखी साइटवरून इन्स्टॉलर उतरवू नका.

गूगलवर "फ्री एडिटर" शोधलं की वर येणाऱ्या जाहिरातींमधले बरेचसे खरं तर ट्रायल असतात. सगळं एडिट होतं, आणि शेवटी एक्सपोर्ट करताना पथकाच्या ध्वजावर कंपनीचं नाव उमटतं. नवा एडिटर घेतला की आधी दहा सेकंदांची क्लिप टाकून एक्सपोर्ट करून बघा. वॉटरमार्क असेल तर तिथेच कळतो.

उरले दोन: लॉसलेसकट आणि शॉटकट. या दोघांमधून एक निवडायचा नाही. दोन्ही घ्यायचे, आणि क्रम पाळायचा.

## ४. आधी लॉसलेसकटने कापा

आडव्या-उभ्या ३८ मिनिटांतली कामाची किती? फार तर दहा-अकरा मिनिटं. बाकी कुणीतरी फोन हातात घेऊन "चालू झालं का रे?" विचारतंय, ढोलाच्या दोऱ्या ताणणं चाललंय, कुणाचा तरी अंगठा लेन्सवर. हा कचरा एडिटरमध्ये न्यायचाच नाही.

लॉसलेसकट व्हिडिओ पुन्हा बनवत नाही, मूळ फाईलमधला हवा तो तुकडा जसाच्या तसा उचलून वेगळा ठेवतो. त्यामुळे प्रत अजिबात उतरत नाही, आणि प्रोसेसरला कामच नसल्याने जुन्या लॅपटॉपवरही काही सेकंदांत होतं.

कृती अशी. क्लिप खिडकीत ओढून टाका. कामाचा भाग सुरू होतो तिथे `I`, संपतो तिथे `O`. त्याच क्लिपमधला आणखी एक तुकडा हवा असेल तर `+` ने नवा सेगमेंट घ्या आणि पुन्हा `I`, `O`. शेवटी `E` दाबून एक्सपोर्ट. तुकडे वेगवेगळ्या फायलींमध्येच राहू द्या, जोडू नका. जोडायचं काम शॉटकटमध्ये करायचंय.

एक गोष्ट नव्या माणसाला खटकते: कट तंतोतंत जागी पडत नाही. "ताशाच्या पहिल्या काठीपासून कापलं होतं, हा तर सेकंदभर आधीच सुरू झाला." ते तसंच असतं. व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र, म्हणजे कीफ्रेम, आणि मध्ये फक्त बदल. पुन्हा न बनवता कापायचं तर कट कीफ्रेमवरूनच सुरू करावा लागतो, म्हणून लॉसलेसकट मागची जवळची कीफ्रेम धरतो. खाली `Keyframe cut` चालू आहे ना बघा आणि तसंच ठेवा. ते बंद केलं तर काही फायलींच्या सुरुवातीला चित्र गोठलेलं किंवा काळं दिसतं आणि आवाज मात्र चालू असतो. आपण दोन्ही बाजूंना दोन-तीन सेकंद जास्त ठेवून कापायचं, बारीक छाटणी पुढे.

आता हिशेब बघा. १०८०पी ची नऊ मिनिटं उरली, म्हणजे सुमारे १.१५ जीबी. फोर-केची दोन मिनिटं, ०.७ जीबी. पावणेसात जीबींचं काम दोन जीबींच्या आत आलं. कापलेले तुकडे एकदा उघडून, शेवटपर्यंत चालतात याची खात्री करा, मग मूळ फुटेज पेनड्राइव्हवर हलवा.

पेनड्राइव्ह FAT32 असेल तर ४ जीबीहून मोठी एक फाईल त्यावर बसत नाही. जागा शिल्लक असूनही `The file is too large for the destination file system` असं सांगतो. त्यावरचं सगळं आधी दुसरीकडे काढून तो exFAT मध्ये फॉरमॅट करा.

## ५. शॉटकटला जुन्या लॅपटॉपची सवय लावा

शॉटकटची `portable` झिप घेतलीत तर इन्स्टॉल करायची गरज नाही. फोल्डर उघडून चालवा, नको झालं की फोल्डर उडवा.

D: वर (तो नसेल तर C: वर) एकच फोल्डर करा, त्यात तीन: `mul`, `kaplela`, `project`. नावं रोमनमध्ये ठेवली की नंतर कुठे अडत नाही. हे सगळं `Desktop` किंवा `Videos` मध्ये ठेवू नका. बऱ्याच लॅपटॉपवर ते फोल्डर वनड्राइव्हला जोडलेले असतात. तिथे फुकटात ५ जीबीच मिळतात, आणि तुम्ही एडिट करत असताना मागे अपलोड चालू राहून डिस्क आणि नेट दोन्ही अडतं.

शॉटकट उघडल्यावर `New Project` मध्ये फोल्डर आणि नाव द्या. `Video Mode` समोर `Automatic` असतं, ते बदला. `Automatic` म्हणजे तुम्ही पहिली टाकाल त्या क्लिपसारखा सगळा प्रोजेक्ट. पहिली क्लिप उभी असेल तर अख्खा व्हिडिओ उभा, फोर-के असेल तर अख्खा फोर-के, आणि मग लॅपटॉप गुडघे टेकतो. `HD 1080p 30 fps` निवडा. फक्त व्हॉट्सॲपवरच जाणार असेल तर `HD 720p 30 fps` सुद्धा पुरे.

आता तीन सेटिंग. आवृत्तीनुसार मेनूतली जागा थोडी सरकते, नावं हीच असतात.

`Preview Scaling` मध्ये `360p`. एडिट करताना पडद्यावर चित्र बारीक बनवून दाखवलं जातं, त्यामुळे ते अडखळत नाही. अंतिम व्हिडिओवर याचा काहीही परिणाम होत नाही.

`Settings > Proxy > Use Proxy` चालू. प्रॉक्सी म्हणजे प्रत्येक मोठ्या क्लिपची हलकी नक्कल. काम नकलेवर होतं, एक्सपोर्टच्या वेळी शॉटकट आपोआप मूळ क्लिप वापरतो. नक्कल बनायला वेळ लागतो, फोर-के क्लिपला तर बराच. क्लिप टाका, `Jobs` मध्ये कामं रांगेत दिसतील, चार्जर लावून जेवायला जा.

`Settings > Proxy > Storage` मध्ये `Use Project Folder`. हे केलं नाही तर नकला C: वरच्या लपलेल्या `AppData` मध्ये साठत जातात. प्रोजेक्ट संपला तरी त्या तिथेच राहतात, आणि महिन्याभराने "काहीच ठेवलं नाही तरी डिस्क भरली कशी?" असा प्रश्न पडतो.

### एक खिडकी नीट वाचा

फोनमधली क्लिप टाकल्यावर कधीकधी शॉटकट विचारतो की ही क्लिप `edit-friendly` स्वरूपात बदलू का. कारण खरं आहे. फोन प्रकाश कमी-जास्त झाला की सेकंदाला कधी ३०, कधी २७ चित्रं घेतो. एडिटर पक्क्या ३० च्या चालीने जातो, आणि लांब क्लिपमध्ये टिपरू ढोलावर पडल्यानंतर आवाज यायला लागतो.

त्या खिडकीत तीन पर्याय असतात: `Good`, `Better`, `Best`. नवा माणूस साहजिकच `Best` निवडतो. तो पर्याय काहीही न गमावता साठवतो, म्हणून एका मिनिटाला काही जीबी लागतात. `Better` सुद्धा भरपूर खातो. आपल्याला `Good` पुरतो. त्यातही फाईल मूळच्या कितीतरी पट होऊ शकते.

आता मघाचा हिशेब पूर्ण करू. कापाकापी न करता पावणेसात जीबी सरळ शॉटकटमध्ये टाकले असते आणि बदललेल्या फायली नुसत्या तिप्पट धरल्या, तरी वीस जीबी. मूळ धरून सत्तावीस. मोकळी जागा बावीस, त्यातही दहा विंडोजसाठी राखीव. आधी कापलं की मूळ फुटेज पेनड्राइव्हवर जातं आणि लॅपटॉपवर कापलेले दोन जीबी, बदललेले सहाएक जीबी, नकला आणि अंतिम फाईल मिळून जेमतेम एखादा-दीड. बसतं. शिवाय सगळ्याच क्लिप बदलाव्या लागत नाहीत. ज्या क्लिपचा स्वतःचा आवाज व्हिडिओत येणार नाही, त्या तशाच राहू द्या.

## ६. प्रत्यक्ष जुळवणी

`kaplela` मधल्या क्लिप `Playlist` मध्ये ओढा. हव्या त्या क्रमाने एकेक निवडून `A` दाबा, ती टाइमलाइनच्या शेवटी जोडली जाते. जिथे छाटायचं तिथे रेघ आणून `S`, नको तो तुकडा निवडून `X`; मागचं सगळं आपोआप पुढे सरकतं. `Z` ने उडवलं तर तिथे रिकामी जागा राहते. पहिल्या व्हिडिओला एवढ्या तीन-चार कळा पुरतात. ट्रान्झिशन, उडणारी अक्षरं यांच्या मागे लागू नका. प्रत्येक फिल्टरला लॅपटॉप पुन्हा हिशेब करत बसतो.

ढोलाच्या व्हिडिओत खरी मेख आवाजात असते. रांगेत उभ्या असलेल्याच्या फोनचा माइक एवढा आवाज पेलू शकत नाही आणि आवाज फाटतो. टाइमलाइनवर लाटेचं चित्र बघा: डोंगरासारखी शिखरं दिसली तर आवाज चांगला, वरून सुरीने कापल्यासारखी सपाट दिसली तर फाटलेला. आवाज नंतर कमी केला तरी तो फाटलेलाच राहतो, फक्त हळू ऐकू येतो. म्हणून घाटाच्या पायऱ्यांवर उभं राहून लांबून काढलेली एखादी क्लिप शोधा. तिचा आवाज खाली वेगळ्या ऑडिओ ट्रॅकवर अखंड ठेवा, वर चित्रं बदलत राहा आणि त्यांचा आवाज बंद करा. जुळवायला पहिला हात सुरू होतो ती जागा धरा. त्या क्षणी सगळ्याच क्लिपच्या लाटेत उंच काठी उभी राहिलेली असते.

पथकाचं नाव मराठीत टाकायला `Filters` मधलं `Text: Simple` घ्या आणि फॉन्ट युनिकोडच निवडा: विंडोजमधला `Nirmala UI`, किंवा गूगल फॉन्ट्सवरचा फुकट `Mukta`. पत्रिका छापणाऱ्याकडून आलेला मजकूर इथे चिकटवला की रोमन अक्षरांचा भाजीपाला दिसतो. तो बहुधा जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. आपल्या पुण्यातल्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर इथल्या डीटीपीवाल्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे, त्यामुळे असा मजकूर हमखास येतो. दुरुस्त करत बसण्यापेक्षा दोन ओळी स्वतः टाइप करा.

## ७. एक्सपोर्ट: `.mlt` म्हणजे व्हिडिओ नाही

`Save` केल्यावर जी `.mlt` फाईल तयार होते ती नुसती यादी आहे: कुठली क्लिप, कुठून कुठवर, कुठला फिल्टर. ती काही केबींची असते. ग्रुपवर "उघडत नाहीये" असे निरोप यायला लागले की समजावं, कुणीतरी `.mlt` पाठवली आहे. आणि ती यादी असल्यामुळेच, `kaplela` फोल्डरचं नाव बदललं किंवा तो हलवला की पुढच्या वेळी शॉटकट क्लिप हरवल्याचं सांगतो. काम पेनड्राइव्हवरूनच करणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, कारण E: चा कधी F: होतो.

खरा व्हिडिओ `Export` मधून निघतो. काहीही न बदलता तिथलं एक्सपोर्टचं बटण दाबलं तर एमपी-४ मिळतं, आणि पहिल्यांदा तेच करा. `Use hardware encoder` असा एक चौकोन आहे. इंटेलच्या चिपमधला खास भाग वापरून तो वेळ बराच वाचवतो, मात्र तेवढ्याच आकारात प्रत किंचित उतरते. जुन्या ड्रायव्हरवर तो कधी अयशस्वीही होतो, `Jobs` मध्ये काम लगेच लाल होतं. मग चौकोन काढा आणि पुन्हा चालवा.

एक्सपोर्टच्या आधी क्रोम बंद, चार्जर लावलेला, लॅपटॉप गादीवर नाही तर टेबलावर. पंखा गुदमरला की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो आणि अर्ध्या तासाचं काम दीड तासावर जातं.

फाईल तयार झाली की `Properties` मधला बिटरेट पुन्हा साडेसातने गुणून बघा. चार मिनिटांना १० एमबीपीएस म्हणजे ३०० एमबीच्या आसपास, यूट्यूबला ठीक. व्हॉट्सॲपसाठी हलकी प्रत हवी असेल तर त्याच प्रोजेक्टमधून `Resolution` १२८० बाय ७२० करून वेगळ्या नावाने दुसरा एक्सपोर्ट काढा.

## ८. आवराआवर

अंतिम व्हिडिओ फोनवर आणि टीव्हीवर एकदा पूर्ण बघा, हेडफोन लावूनही. मगच आवरायला घ्या.

`project` मधला `proxies` फोल्डर उडवला तरी चालतो. पुन्हा लागल्या तर नकला परत बनतात. `edit-friendly` केलेल्या फायलींची गोष्ट वेगळी आहे. टाइमलाइन आता त्यांनाच धरून असते, त्या उडवल्या तर प्रोजेक्ट उघडेल पण क्लिप सापडणार नाहीत. विसर्जनापर्यंत कुणीतरी "माझं नाव चुकलंय" म्हणणारच असेल, तर तोवर त्या ठेवा. त्यानंतर `kaplela`, `.mlt` आणि अंतिम व्हिडिओ एकत्र पेनड्राइव्हवर, मूळ फुटेजशेजारी, आणि लॅपटॉपवरचं सगळं साफ. रिसायकल बिन रिकामी करायला विसरू नका. तोवर डिस्कवर एक एमबीसुद्धा मोकळा झालेला नसतो.